मधोमध नसलेली रक्कम

मोबाइलवर दिसणारं प्रत्येक पान दर वेळी नव्याने मोजून मांडलं जातं. घड्याळाचे आकडे कुठे बसवायचे, रक्कम कुठल्या टाइपात दाखवायची, कडेपासून किती जागा सोडायची, हे फोनची प्रणाली आणि अ‍ॅप मिळून ठरवतात आणि पिक्सेलपर्यंत काटेकोर पाळतात. खोटा स्क्रीनशॉट करणारा माणूस मात्र नजरेच्या अंदाजाने काम करतो. त्याला हवा तो आकडा तो बदलतो, पण त्या आकड्यामुळे आजूबाजूचं जे काही हललं असतं ते हलवायचं त्याच्या लक्षात राहत नाही. तपासणीत शोधायचं ते हेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीत मिक्सर आणि शेगड्यांचं एक दुकान आहे. गिऱ्हाइकाने १८,५०० रुपयांचा माल घेतला, क्यूआर कोड स्कॅन केला आणि ‘पैसे गेले बघा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. फोन आयफोन आहे. हिरवी खूण, दुकानाचं नाव, तारीख, वेळ, बारा आकडी व्यवहार क्रमांक, सगळं जागच्या जागी आहे. गर्दीच्या वेळी दुकानदार याहून जास्त काय बघणार?

तपासायला बसण्याआधी चित्र कसं आलंय ते पाहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेलं चित्र लहान होतं आणि दाबलंही जातं. आयफोन १३ किंवा १४ चा स्क्रीनशॉट मुळात ११७० बाय २५३२ पिक्सेलचा असतो. लांब बाजू १६०० वर आली की रुंदी ७४० च्या आसपास उरते. अक्षरांच्या कडांभोवती करडी धूळ पसरते आणि खरी अक्षरंसुद्धा संशयास्पद दिसू लागतात. म्हणून तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. मग फाइल जशीच्या तशी येते. ती संगणकावर पेंटमध्ये उघडली की माऊसचा बाण जिथे असेल तिथला पिक्सेल क्रमांक खालच्या पट्टीत दिसतो. मोजमापाला एवढं पुरतं.

आता पडद्याच्या वरची पट्टी, म्हणजे स्टेटस बार. तयार साचा वापरून बनवलेला स्क्रीनशॉट बहुतेकदा इथेच सापडतो, कारण साचा करणाऱ्याने ही पट्टी एखाद्या नमुना-चित्रातून उचललेली असते. अ‍ॅपल आपल्या जाहिरातींमधल्या आयफोनवर ९:४१ ही वेळ दाखवते आणि डिझायनर मंडळींच्या नमुन्यांतही तीच उतरली आहे. त्यामुळे वर ९:४१, सिग्नल पूर्ण, बॅटरी काठोकाठ भरलेली आणि खाली व्यवहाराची वेळ दुपारी ४:१६ असं दिसलं तर थांबावं. एरवीसुद्धा या दोन वेळांचं नातं तपासावंच. स्क्रीनशॉट व्यवहारानंतर काढलेला असतो, तेव्हा त्याच दिवशी काढलेल्या चित्रात वरचं घड्याळ व्यवहाराच्या वेळेच्या मागे असूच शकत नाही. चॅटमध्येही शेवटच्या मेसेजची वेळ घड्याळाच्या पुढे गेलेली नसावी.

घड्याळाकडे आणखी जवळून पाहिलं तर मधले दोन ठिपके बोलतात. अ‍ॅपलने २०१५ साली आयओएस ९ बरोबर आयफोनला सॅन फ्रान्सिस्को हा फॉन्ट दिला. त्यात वेळ लिहिताना आकड्यांमधले दोन ठिपके आकड्यांच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. एरियलसारख्या फॉन्टात खालचा ठिपका ओळीच्या तळाला टेकतो आणि ठिपक्यांची जोडी खाली उतरल्यासारखी वाटते. चित्र मोठं करून पाहिलं तर हा फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. शिवाय आयफोन वायफायवर असेल तर तिथे वायफायची खूण येते आणि ५जी ही अक्षरं जातात. दोन्ही शेजारी शेजारी दिसली तर ती पट्टी आयफोनने काढलेली नाही. अँड्रॉइडला मात्र हा नियम लावू नये. तिथे प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, आणि बऱ्याच फोनवर दोन्ही खुणा एकत्र दिसतात.

आपल्या उदाहरणातली पट्टी या सगळ्यातून सुखरूप पार पडते. घड्याळात ४:१७, व्यवहार ४:१६ चा, ठिपके मध्यावर. फसवणारे सहसा कोऱ्या कागदावरून सुरुवात करत नाहीत. खऱ्या स्क्रीनशॉटमधला एखादाच आकडा बदलतात. अशा वेळी पट्टी खरीच असते. ती खरी निघाली म्हणून खालचं सगळं खरं मानणं ही माझ्या मते या तपासणीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

मग रक्कम. आधी रुपयाचं चिन्ह. आपलं ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या कित्येक फॉन्टांत ते नाहीच. फसवणाऱ्याने निवडलेल्या फॉन्टात चिन्ह नसेल तर संगणक न सांगता दुसऱ्याच फॉन्टातून ते उसनं आणतो. मग आकडे ठसठशीत आणि चिन्ह किडकिडीत दिसतं, किंवा चिन्ह ओळीपासून किंचित खाली-वर बसतं. काही खरी अ‍ॅप्सही चिन्ह मुद्दाम लहान दाखवतात, म्हणून त्याच अ‍ॅपचा आपल्याकडचा एखादा खरा स्क्रीनशॉट शेजारी ठेवूनच निकाल द्यावा.

सांगलीच्या चित्रात चिन्हही बरोबर आहे आणि आकड्यांचं वळणही, कारण वाढवलेलं शून्य त्याच रकमेतल्या आधीच्या शून्याची नक्कल आहे. म्हणून आता मोजपट्टी लावायची. या अ‍ॅपमध्ये रक्कम पडद्याच्या बरोबर मधोमध येते, म्हणजे रकमेच्या डाव्या कडेला जेवढी मोकळी जागा तेवढीच उजव्या कडेला हवी. पेंटमध्ये बाण नेऊन पाहिलं तर ₹ ची डावी कड ४१३ व्या पिक्सेलवर आहे आणि शेवटच्या शून्याची उजवी कड ८२३ वर. चित्राची रुंदी ११७०, म्हणजे उजवीकडे ३४७ पिक्सेल उरले. डावीकडे ४१३, उजवीकडे ३४७. फरक ६६ चा.

दोन-चार पिक्सेलचा फरक आकड्यांच्या गोलाईमुळे पडू शकतो, ६६ चा नाही. आता रकमेतलं एक शून्य त्याच्या शेजारच्या फटीसकट मोजलं तर तेही सुमारे ६६ पिक्सेल भरतं. गोष्ट स्पष्ट झाली. मुळात मधोमध बसलेल्या रकमेच्या उजव्या बाजूला एक आकडा नंतर जोडला आहे. अ‍ॅपने स्वतः पाच आकडी रक्कम लिहिली असती तर दोन्ही बाजूंनी ३३-३३ पिक्सेल वाढवले असते. जोडलेलं शून्य काढा, स्वल्पविराम मागे न्या, रक्कम उरते ₹१,८५०. दुकानदाराने खात्याचा तपशील उघडून तोच बारा आकडी क्रमांक शोधला तर तो सापडेलही, पण त्यासमोर १,८५० लिहिलेलं असेल. गिऱ्हाइकाने पैसे खरोखर भरले होते, फक्त दहावा हिस्सा.

रक्कम उजव्या कडेला टेकवून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये हीच युक्ती वेगळी दिसते. तिथे जोडलेला आकडा उजवीकडच्या समासात घुसतो, आणि खालच्या इतर ओळी जिथे संपतात तिथे ही ओळ संपत नाही. पेंटमध्ये एक उभी रेघ ओढली की लगेच कळतं.

चॅटच्या स्क्रीनशॉटमध्येही मोकळी जागाच पाहावी, फक्त ती मेसेजांच्या फुग्यांमधली. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच माणसाचे लागोपाठचे मेसेज जवळ जवळ बसतात आणि बोलणारा बदलला की अंतर वाढतं. फुग्याचं टोक अशा गटातल्या एकाच फुग्याला असतं. सगळ्या फुग्यांमध्ये सारखंच अंतर आणि प्रत्येकाला टोक असेल तर तो साचा समजावा. टिक फक्त पाठवलेल्या मेसेजला येते, समोरून आलेल्या मेसेजला कधीच नाही.

मजकूर मराठीत असेल तर तपासणाऱ्याच्या हाताशी आणखी एक गोष्ट असते. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या नुसत्या एकापुढे एक ठेवून भागत नाही, त्या जुळवणारी वेगळी यंत्रणा लागते. फोनमध्ये ती असते. चित्रं संपादित करायच्या काही प्रोग्रॅममध्ये, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, ती नसते किंवा बंद असते. मग पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाते, रफार डोक्यावर न चढता सुटा राहतो, ‘क्ष’ऐवजी पाय मोडलेला क आणि शेजारी ष दिसतो. अख्ख्या चॅटमध्ये एकाच मेसेजात असं झालं असेल, तर तो मेसेज फोनवर टाइप झालेला नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या विसरून कुणावर आळ घेऊ नये. अनेक अँड्रॉइड फोनवर फॉन्ट बदलता येतो, अक्षरं मोठी करता येतात, डार्क मोडमध्ये रंग पालटतात. अ‍ॅपची रचना तर अपडेटागणिक बदलते, आणि एकाच दिवशी दोन फोनवर वेगळी दिसू शकते. म्हणून तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या, त्याच आवृत्तीच्या चित्राशीच. नाहीतर ‘माझ्या फोनवर असं दिसत नाही’ एवढ्यावरून एखाद्या सरळ माणसाला खोटं ठरवलं जाईल.

उलट दिशेची मर्यादा याहून मोठी आहे. व्हॉट्सअ‍ॅप संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून मेसेजाचा मजकूर तात्पुरता बदलता येतो. तिथे फॉन्ट, अंतर, फुगे सगळं खरंच असतं, कारण ते ब्राउझरनेच पुन्हा मोजून मांडलेलं असतं. त्याहून सोपी चाल म्हणजे दुसऱ्या एखाद्या नंबराला तुमचं नाव आणि फोटो लावून सेव्ह करायचं आणि त्याच्याशी हवं ते बोलायचं. त्या चॅटचा स्क्रीनशॉट पिक्सेल न् पिक्सेल अस्सल असतो. पैशांचंही तसंच: ‘पैसे गेले’ असं पान हुबेहूब दाखवणारी बनावट अ‍ॅप्स रक्कम मधोमधच बसवतात. मोजपट्टीने खोटेपणा पकडता येतो, खरेपणा सिद्ध करता येत नाही.

तेव्हा पैशांसाठी आपल्या स्वतःच्या बँकेची नोंद पाहावी. क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळली तरच माल द्यावा. चॅटचा वाद असेल तर मूळ फोन मागावा, त्यात चॅटच्या वरच्या नावावर बोट ठेवून मागे कुठला नंबर आहे ते पाहावं, आणि तेच संभाषण दुसऱ्या बाजूच्या फोनवरही आहे का ते ताडून घ्यावं. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर स्क्रीनशॉटची नुसती छापील प्रत पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख, नोंदवायची असते. एक पिक्सेल जरी बदलला तरी ते मूल्य बदलतं. म्हणून संशय आला त्याच क्षणी मूळ फाइल बाजूला जपून ठेवावी, आणि खुणा करायच्या, रेघा ओढायच्या त्या तिच्या प्रतीवर.