रंग वेगळा, गडदपणा वेगळा: रंगांध मुलांच्या बाबतीत आपण नेमके कुठे चुकतो

‘लाल आणि हिरवा एकत्र वापरू नका, रंगांध लोकांना दिसत नाही.’ हा सल्ला मी इतक्या बैठकांत आणि इतक्या प्रशिक्षणांत ऐकला आहे, की आता तो ऐकला की राहवत नाही. सल्ला अर्धाच खरा आहे. तो ऐकून माणसं लाल-हिरवा काढतात, निळा-जांभळा घालतात आणि काम झालं म्हणून समाधानाने बसतात. पण निळा आणि जांभळा एकाच गडदपणाचे असतील, तर रंगांध विद्यार्थ्याची अडचण आहे तिथेच राहते. जांभळ्यातला लाल अंश त्याला जाणवत नाही, उरतो तो निळाच.

लाल-हिरवा रंगांधळेपणा म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असतं. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी एक प्रकार नसतो किंवा बिघडलेला असतो. दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो आणि बऱ्याचदा आईच्या वडिलांकडून आलेला असतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो शंभरात सुमारे आठ जणांना असतो, बायकांत दोनशेत एखादीला. यावर अधिक लिहीत नाही, हे शाळेच्या पुस्तकातही असतं.

गोंधळ होतो तो पुढे. आपण ज्याला सरसकट ‘रंग’ म्हणतो, त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे रंग स्वतः: लाल की हिरवा की निळा. दुसरी म्हणजे तो किती गडद किंवा किती फिकट. कैरीचा हिरवा आणि मोरपिशी हिरवा दोन्ही हिरवेच, पण कृष्णधवल छायाचित्रात एक फिकट राखाडी येईल आणि दुसरा जवळपास काळा. रंगांध मुलाला पहिल्या गोष्टीचा एक भाग कळत नाही. दुसरी गोष्ट त्याला जवळजवळ तुमच्याइतकीच कळते, आणि तो दिवसभर तिच्यावरच काम भागवत असतो.

म्हणूनच घरचे म्हणतात, ‘छे, आमचा मुलगा सगळे रंग बरोबर सांगतो.’ सांगतोच. टोमॅटो लाल असतो हे त्याला पाठ आहे. पिकलेला आंबा कच्च्यापेक्षा उजळ दिसतो, शिवाय वास येतो. खडूच्या पेटीतली प्रत्येक कांडी कुठल्या जागी असते, तेही त्याला माहीत असतं. मग तोच मुलगा ठिपक्यांच्या चाचणीत आकडा वाचू शकला नाही की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो मुलगा नाटक करतोय, दुसरा म्हणतो चाचणीच चुकीची.

दोन्ही चूक. ती चाचणी शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी तयार केली आणि १९१७ साली प्रसिद्ध केली. तिचं सारं कसब एका गोष्टीत आहे. पानावरचे ठिपके मुद्दाम कमीजास्त गडद केलेले असतात, आकड्यातलेही आणि पार्श्वभूमीतलेही. गडदपणावरून आकडा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. वास नाही, जागा नाही, आठवणही नाही; आकडा सुटा होतो तो फक्त रंगाच्या फरकाने. ज्या पानावर इतरांना ७४ दिसतं, तिथे लाल-हिरव्यात अडचण असणारा बहुधा २१ वाचतो. पहिल्या पानावरचे १२ मात्र सगळ्यांनाच वाचता येतात. तेही वाचलं नाही तर अडचण रंगाची नाही, नजरेची किंवा सूचना समजण्याची आहे. चाचणी दिवसाच्या उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटरवरून, पानाला तीन सेकंद देऊन घ्यायची असते. मोबाईलच्या पडद्यावर घेतलेल्या चाचणीवर मुलाचं काही ठरवू नका, प्रत्येक पडदा रंग वेगळे दाखवतो.

थोडक्यात, इशिहाराचं पान गडदपणाचा आधार काढून घेतं. चांगल्या नकाशाने नेमकं उलट करायचं असतं.

मी नववीला भूगोल शिकवतो. जिल्हावार पावसाचा नकाशा वाचायला शिकवताना मी सरावासाठी एक नकाशा स्वतः रंगवला होता. हवामान खात्याच्या नकाशातल्या श्रेण्या आणि रंग तसेच ठेवले होते. सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे गडद निळा, २० ते ५९ टक्के जास्त म्हणजे फिकट निळा, सरासरीच्या आसपास हिरवा, २० ते ५९ टक्के तूट लाल, त्याहून मोठी तूट पिवळी, पाऊसच नाही तर पांढरा. माझ्या नकाशात लातूर हिरवा होता आणि शेजारचा धाराशिव लाल. एका मुलाने दोन्ही जिल्ह्यांवर बोट ठेवून सांगितलं, ‘सर, इथे दोन्हीकडे पाऊस सारखाच झालाय.’ सीमारेषा त्याला दिसत होती, रंगातला फरक दिसत नव्हता. पिवळ्या जिल्ह्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘इथे तूट कमी आहे ना, फिकट आहेत म्हणून?’

दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला. त्याने नकाशा जसा वाचायला हवा तसाच वाचला होता: गडद म्हणजे जास्त, फिकट म्हणजे कमी. चूक रंगांच्या क्रमात होती.

घरी आल्यावर मी रंगांचा उजळपणा मोजला. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा, अशी मोजपट्टी असते. मी वापरलेला लाल, संगणकाच्या रंगकोडात `#FF0000`, या पट्टीवर ५३ वर येतो, हिरवा `#008000` येतो ४६ वर, आणि पिवळा `#FFFF00` थेट ९७ वर. म्हणजे ‘तूट’ आणि ‘सरासरी’ या दोन श्रेण्या जवळजवळ एकाच गडदपणाच्या, आणि सर्वांत वाईट तुटीचा रंग कागदाइतका फिकट. याउलट गडद तांबडा `#8B0000` २८ वर आणि फिकट हिरवा `#90EE90` ८६ च्या पुढे आहे. हे दोघेही लाल आणि हिरवेच, तरी माझ्या विद्यार्थ्याला ते सहज वेगळे करता येतात. दोष लाल-हिरव्याच्या जोडीत नाही. एकसारख्या गडदपणाच्या लाल-हिरव्यात आहे.

नवा नकाशा असा केला. मधली श्रेणी जवळपास पांढरी, `#F7F7F7`. जास्त पावसाच्या बाजूला आधी फिकट निळा `#92C5DE`, मग गडद निळा `#0571B0`. तुटीच्या बाजूला आधी गव्हाळ `#DFC27D`, मग गडद तपकिरी `#A6611A`. सरासरीपासून जितकं दूर, तितकं गडद. पाऊसच नसलेल्या जिल्ह्यांना तिरक्या रेघा. निळा आणि तपकिरी हा फरक लाल-हिरव्या रंगांधांना दिसतो, कारण त्यांची निळ्या-पिवळ्याची जाण शाबूत असते.

इथे एक अडचण येते, आणि ती लपवू नये. नव्या नकाशातली दोन्ही टोकं ४६ आणि ४८ वर आहेत. नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली तर महापूर आणि दुष्काळ एकसारखे दिसतात. मध्यापासून दोन दिशांना जाणाऱ्या कुठल्याही पट्टीचं हेच होतं. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात मी टक्केवारी अधिक-उणे चिन्हासकट छापतो. आकडे एकाच दिशेने वाढत असतील, लोकसंख्येची घनता म्हणा, तर एकच रंग फिकटापासून गडदापर्यंत न्यावा. त्याची झेरॉक्सही नीट वाचता येते. रेषालेखात तर रंगांची वेगळी सूचीच नको, प्रत्येक रेषेच्या टोकाशी तिचं नाव लिहावं. कोपऱ्यातली रंगसूची मला मुळीच आवडत नाही. ज्यांना रंग नीट दिसतात, त्यांनाही ती दहा वेळा मान वळवायला लावते.

‘काळी-पांढरी प्रत काढून बघा, वाचता आली म्हणजे झालं,’ असंही सांगतात. बहुतेक वेळा खरं, पण एका जागी ही युक्ती फसते. रंगांधांचे दोन मोठे गट आहेत. एका गटाची हिरव्या टापूची शंकुपेशी बिघडलेली असते, त्यांना लाल रंग साधारण आपल्याइतकाच उजळ दिसतो. दुसऱ्या गटाची लाल टापूची शंकुपेशी बिघडलेली असते, त्यांना लाल रंगच काळपट दिसतो. या दुसऱ्या गटासाठी काळ्या फळ्यावरचा लाल खडू जवळपास नसतोच. माझ्या लाल पेनाच्या खुणाही काळ्या शाईच्या उत्तरांत बुडून जातात. मी आता तपासायला जाड हिरवट-निळं पेन वापरतो आणि चुकीला गोल करतो. नकाशा क्यूजीआयएसमध्ये करत असाल तर `View > Preview Mode` मध्ये दोन्ही गटांची दृष्टी वेगवेगळी पाहता येते. दोन्ही पाहा.

नोकरीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा: त्या कामात रंगाशिवाय दुसरा आधार मिळतो का? रात्री दूरवरचा रेल्वे सिग्नल हा अंधारातला प्रकाशाचा ठिपका असतो, आणि ज्याला लाल मंद दिसतो त्याला तो उशिरा दिसतो. म्हणून लोको पायलटच्या ए-१ या वैद्यकीय श्रेणीत रंगदृष्टीची अट कडक आहे, आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं. चौकातल्या सिग्नलवर लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळावा म्हणून केंद्राने जून २०२० मध्ये नियम बदलले.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संपादनासह काही अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना बंद होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. संपादकाचा हात लय, कथा आणि कट यांवर चालतो, आणि रंगाचं काम करणारा माणूस त्याच्या शेजारी बसलेला असतो. वैद्यकीय प्रवेशाचा असाच वाद २०१७ मध्ये त्याच न्यायालयात विद्यार्थ्याच्या बाजूने सुटला.

पालकांना मी एवढंच सांगतो, की चाचणी आठवी-नववीतच करून घ्या. इशिहारा फक्त चाळणी आहे, दोष किती तीव्र आहे ते ती नीट सांगत नाही. तेवढ्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडून पुढची तपासणी लागते. एखाद्या मुलाने चार वर्षं लोको पायलट व्हायची तयारी करावी आणि वैद्यकीय तपासणीच्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळावं, हे मी पाहिलं आहे. त्याच्या शाळेच्या दहा वर्षांत इशिहाराचं पुस्तक त्याच्यासमोर कुणी धरलंच नव्हतं.

पावसाच्या नकाशावरचा तो मुलगा आता दहावीत आहे. नव्या नकाशावर त्याने धाराशिव आणि लातूर लगेच वेगळे सांगितले. मग मागच्या बाकावरून आणखी एकाने हात वर केला आणि विचारलं, ‘सर, जुना नकाशा मलाही सारखाच दिसायचा. माझीपण चाचणी करता येईल का?’