फिशरची उभी रेघ आणि झिगझॅग साखळी

एमिल फिशरने 1891 मध्ये ग्लुकोजची रचना सोडवली, तेव्हा त्याच्यासमोर कागदाची अडचण उभी राहिली. कार्बनच्या चार हातांची चतुष्फलकी मांडणी व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्येच सुचवली होती. तिच्या हिशेबाने ग्लुकोजच्या उघड्या साखळीत चार किरल केंद्रे, म्हणजे चारही हातांवर वेगवेगळे गट असलेले कार्बन, येतात; त्यामुळे सोळा समघटक संभवतात. दरवेळी सोळा त्रिमितीय चित्रे कोण काढत बसणार? फिशरने रबरी प्रतिकृती सपाट करून कागदावर उतरवली. साखळी उभी ठेवायची, आडवे हात आपल्याकडे येणारे आणि उभे हात मागे जाणारे मानायचे.

यातली तडजोड चित्राकडे पाहून लक्षात येत नाही. साखळी अशी उभी दिसावी, म्हणून प्रत्येक C–C बंध ग्रस्त स्थितीत, म्हणजे लगतच्या कार्बनांचे हात एकमेकांसमोर ठेवून, धरलेला असतो. खरोखर तसा रेणू बनवला तर साखळी मागच्या बाजूला कमानीसारखी वळते. शर्करांची आपसात तुलना करायला हे सोयीचे होते, रेणूचा खरा आकार दाखवायला मात्र नाही.

डी-ग्लुकोजमध्ये C5 वरचा, म्हणजे वरून पाचव्या कार्बनवरचा, OH उजवीकडे काढायचा, हीसुद्धा फिशरची निवड होती. उजवे की डावे हे ठरवायला त्या काळी साधनच नव्हते. रोझानॉफने 1906 मध्ये डी आणि एल ही कुळे ग्लिसराल्डिहाइडशी जोडली, पण अंदाज अंदाजच राहिला. 1951 मध्ये बेव्हूटने उट्रेख्टमध्ये सोडियम रुबिडियम टार्टरेटवर क्ष-किरण टाकले आणि फिशरचा कौल बरोबर ठरला. तो चुकला असता तर साठ वर्षांची सगळी चित्रे आरशात पाहावी लागली असती. त्यानंतर 1956 मध्ये कान, इन्गोल्ड आणि प्रेलॉग यांचे अग्रक्रमाचे नियम आले: अणुक्रमांकावरून चार हातांना क्रम द्यायचा, सर्वांत कनिष्ठ हात मागे ठेवायचा आणि उरलेले तीन क्रमाने वाचायचे; घड्याळाच्या दिशेने आले तर R, उलट आले तर S. चित्र कसेही काढले तरी प्रत्येक केंद्राला R किंवा S हे स्वतःचे नाव मिळाले.

साखळी कागदावर आडवी, नागमोडी रेघेने दाखवणाऱ्या झिगझॅग चित्राचे मूळ वेगळे आहे. लांब साखळ्यांचे संश्लेषण करणाऱ्यांना ताणलेली साखळीच हवी होती. तिथे 'एरिथ्रो' म्हणजे गट एका बाजूला आणि 'थ्रिओ' म्हणजे विरुद्ध बाजूंना, ही फिशरच्या चित्रातली नावे वापरताना गोंधळ झाला, कारण काहींनी झिगझॅगमध्ये एकाच बाजूला असलेल्या गटांनाही 'एरिथ्रो' म्हणायला सुरुवात केली. मासामुनेने 1980 मध्ये एका बाजूसाठी 'सिन' आणि विरुद्ध बाजूंसाठी 'अँटी' या संज्ञा थेट झिगझॅगवर बेतून सुचवल्या.

गोंधळाचे कारण भूमितीत आहे. फिशर चित्रातून झिगझॅगकडे जाताना साखळीतला प्रत्येक C–C बंध 180 अंशांनी फिरतो. त्यामुळे लगतच्या दोन कार्बनांवरचे OH फिशरमध्ये एका बाजूला असतील, तर झिगझॅगमध्ये विरुद्ध बाजूंना जातात. विरुद्ध असतील, तर एका बाजूला येतात. मधे एक कार्बन सोडून असलेल्यांचे नाते मात्र तसेच राहते.

आता डी-ग्लुकोज घेऊ. C2 ते C5 वरचे OH अनुक्रमे उजवा, डावा, उजवा, उजवा. CHO डावीकडे ठेवून झिगझॅग काढा आणि C2 वरच्या टोकावर आणा. या मांडणीत वरच्या टोकावर फिशरमधला उजवा OH डॅशवर, म्हणजे कागदाच्या मागे, जातो आणि डावा वेजवर, म्हणजे आपल्याकडे. खालच्या टोकावर याच्या उलट. म्हणून C2, C3, C4 तिन्ही डॅश आणि C5 एकटा वेज.

R-S दोन्ही चित्रांवरून स्वतंत्रपणे काढावे. फिशरमध्ये H आडव्या हातावर, म्हणजे आपल्याकडे असतो. म्हणून वाचलेली दिशा उलटवावी लागते. C2 वर OH, मग CHO, मग C3 असा क्रम आहे. तो घड्याळाच्या उलट दिसतो, म्हणून R. C3 वर जरा थांबावे लागते, कारण C2 आणि C4 दोन्ही सुरुवातीला सारखेच भासतात. एक पाऊल पुढे गेल्यावर C1 वर दोन ऑक्सिजन मोजले जातात, C5 वर एकच. म्हणून C2 श्रेष्ठ. वाचन घड्याळाच्या दिशेने येते, उलटवून S. चारही केंद्रे मिळून 2R,3S,4R,5R. डी कुळातल्या शर्करेत S आले म्हणून दचकायचे कारण नाही. डी हे फक्त शेवटच्या किरल केंद्राबद्दल बोलते.

झिगझॅगमध्येही हीच चार अक्षरे आली पाहिजेत, आणि चूक कोणती झाली हेही तीच सांगतात. चारही उलटी आली तर गटांची परस्परनाती बरोबर आहेत, पण साखळी आरशातली काढली आहे; ते एल-ग्लुकोज. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक मात्र उजवा म्हणजे वेज, डावा म्हणजे डॅश असे सरळ उतरवण्याची. वरच्या मांडणीत तसे केले तर 2S,3S,4S,5R येते. ती डी-टॅलोज आहे.