बजेट वाढवा, असं रिपोर्ट का म्हणतो? टक्केवारीच्या फीची पार्श्वभूमी

गुगल किंवा मेटावर जाहिराती चालवणाऱ्या बऱ्याच एजन्सी महिन्याच्या जाहिरातखर्चाच्या 10 ते 20 टक्के फी घेतात. ही पद्धत इंटरनेटच्या फार आधीची आहे आणि ती जाहिरातदारासाठी बनलेलीच नव्हती. टक्केवारी मुळात कोण कोणाला देत होतं हे समजलं, की एजन्सीच्या आजच्या रिपोर्टमधला बजेट वाढवण्याकडचा कलही लक्षात येतो.

1840च्या दशकात फिलाडेल्फियामध्ये व्होल्नी पामर नावाचा माणूस वर्तमानपत्रांच्या वतीने जाहिराती गोळा करायचा. जागा वर्तमानपत्राची, ती विकून देणारा पामर, आणि त्याचं कमिशनही वर्तमानपत्रच द्यायचं. म्हणजे तो उघडउघड विक्रेत्याचा माणूस होता. पुढे 1870च्या दशकात एन. डब्ल्यू. एअर अँड सन या फिलाडेल्फियाच्याच एजन्सीने जाहिरातदाराशी खुला करार सुरू केला. वर्तमानपत्राचा खरा दर त्याला दाखवायचा आणि त्यावर ठरलेला हिस्सा आपण घ्यायचा. इथे एजंटाची निष्ठा बदलली, पण मेहनतान्याचं माप तेच राहिलं: जितका खर्च, तितकी कमाई.

नंतर प्रकाशकांनी मान्यताप्राप्त एजन्सींना 15 टक्के कमिशन देण्याची प्रथा घट्ट केली. थेट येणाऱ्या जाहिरातदाराला ही सूट मिळत नसे, त्यामुळे एजन्सी टाळून त्याचा फायदा नव्हता. भारतातही वृत्तपत्रांच्या संघटनेची मान्यता असलेल्या एजन्सींना हेच 15 टक्के मिळत आले. गिरगावातली 1905ची बी. दत्तराम अँड कंपनी ही देशातल्या सर्वांत जुन्या एजन्सींपैकी मानली जाते. म्हणजे हा व्यवहार मुंबईलाही नवा नाही.

अमेरिकेत या ठरीव दराला 1956 मध्ये धक्का बसला. सरकारने स्पर्धाविरोधी कायद्याखाली दावा लावला होता, त्यात एजन्सींच्या संघटनेने तडजोडीचा हुकूमनामा मान्य केला आणि सगळ्यांनी मिळून एकच दर चालवणं बंद झालं. 1960 मध्ये नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्हीने शेल या तेल कंपनीचं काम कमिशनऐवजी ठरावीक फीवर घेतलं, तेव्हा धंद्यात बरीच खळबळ उडाली. फ्रान्सने 1993 च्या सापँ कायद्याने हा प्रश्न मुळातूनच सोडवायचा प्रयत्न केला: एजन्सी ही जाहिरातदाराची प्रतिनिधी, तिने माध्यमांकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि माध्यमांचं बिल थेट जाहिरातदाराकडे जायचं. अमेरिकेत मात्र 2016 मध्येही जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने करवून घेतलेल्या चौकशीत एजन्सींना माध्यमांकडून परत मिळणाऱ्या, ग्राहकाला न सांगितलेल्या रकमा सर्रास आढळल्या.

2000 साली गुगलची अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरातसेवा आली आणि 2002 पासून तिथे लिलावाने क्लिक विकले जाऊ लागले. छापील दरपत्रक नाही, त्यामुळे त्यातून कापून द्यायचं नेहमीचं कमिशनही नाही. एजन्सींनी मग तीच टक्केवारी ग्राहकाच्या बिलावर वर लावली. आधी ती विक्रेता देत होता, आता खरेदीदार देतो. खर्च वाढला की फी वाढते, हे मात्र तसंच आहे. त्यातच एजन्सीला गुगलचा पार्टनर बिल्ला मिळवायला 90 दिवसांत किमान 10,000 डॉलर खर्च आणि 70 टक्के ऑप्टिमायझेशन स्कोअर, म्हणजे खातं किती नीट लावलंय याचे गुगलने दिलेले गुण, लागतात. गुगलच्या सूचना स्वीकारल्या की हा स्कोअर वाढतो, आणि त्या सूचनांत बजेट वाढवण्याची सूचना बऱ्याचदा असते. न्यायाने हेही सांगायला हवं, की सूचना फेटाळल्या तरी स्कोअर वाढतो. म्हणजे ‘गुगलच सांगतंय’ हे कारण पुरेसं नाही.

यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. कल बहुधा आकड्यांच्या निवडीतून शिरतो, आणि सर्वांत सोयीचा आकडा म्हणजे सरासरी. समजा, नाशिकची एक फर्निचर विकणारी कंपनी महिन्याला 2,00,000 रुपये खर्च करते आणि 100 ऑर्डर मिळवते. फी 15 टक्के, म्हणजे 30,000. माल, वाहतूक वगैरे वजा जाता, पण जाहिरात धरण्याआधी, एका ऑर्डरमागे 3,500 रुपये उरतात. एजन्सीच्या सल्ल्याने बजेट 3,00,000 होतं आणि ऑर्डर 130 होतात. रिपोर्ट म्हणतो: ऑर्डर 30 टक्क्यांनी वाढल्या, प्रति ऑर्डर खर्च 2,000 वरून 2,308 वर गेला, तरीही 3,500च्या बराच खाली आहे. सगळे आकडे खरे.

आता फक्त वाढीव भाग बघा. 30 ऑर्डरसाठी जास्तीचे 1,00,000 जाहिरातीचे आणि 15,000 फीचे गेले, म्हणजे एका ऑर्डरला 3,833. या 30 ऑर्डरमधून उरले 1,05,000. कंपनीला महिन्याला 10,000 चा तोटा, एजन्सीला 15,000 ची वाढ. आधीच्या 100 ऑर्डरचा नफा सरासरीत मिसळल्यामुळे हा तोटा झाकला गेला.

म्हणून ग्राहकाने मागायचा पहिला आकडा हाच: बजेट बदलण्याआधीचा आणि नंतरचा महिना समोरासमोर, आणि फीसकट वाढीव ऑर्डरचा वाढीव खर्च. दिवाळीचा महिना नेहमीच्या महिन्याशी ताडू नका, नाहीतर हंगामाचं श्रेय बजेटला जातं. ऑर्डरचा आकडाही जाहिरात खात्यातून न घेता स्वतःच्या बिलांच्या हिशेबातून घ्या, रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डर वजा करून.

दुसरी तपासणी खात्यातच करता येते. त्यासाठी खातं तुमच्या नावावर आणि अ‍ॅडमिनचा प्रवेश तुमच्याकडे हवा. जी एजन्सी तो देत नाही तिच्याशी पुढचं बोलणं अवघड आहे. गुगल अ‍ॅड्समध्ये Change history उघडून मागचे तीन महिने बघा. नको असलेले शोधशब्द वगळणं, न चालणाऱ्या मोहिमा थांबवणं, जाहिरातीचा मजकूर बदलणं अशा नोंदी आहेत, की मुख्यतः बजेटच वाढलेलं दिसतं? खर्च कमी करा, असा सल्ला वर्षभरात एकदाही आला नसेल तर कारण विचारावं.

तिसरी तपासणी कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या शोधाची. नाव टाइप करून येणारा माणूस बहुधा आलाच असता, पण त्याची ऑर्डर जाहिरातीच्या खाती जमा होते आणि पूर्ण रिपोर्ट गोजिरा दिसतो. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने 2012 मध्ये अमेरिकेत काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या निकालावरून आले. छोट्या कंपनीत प्रतिस्पर्धी तुमच्या नावावर बोली लावत असेल तर असं होईलच असं नाही. त्यामुळे एक-दोन जिल्ह्यांत नावाच्या जाहिराती दोन-तीन आठवडे थांबवून, बाकीच्या जिल्ह्यांशी तुलना करून बघणं बरं. तोवर रिपोर्टमध्ये नावाचे शोध आणि बाकीचे शोध वेगळे मागा.

फी ठरावीक केली तर हा कल जातो, पण काम कमीत कमी करण्याचा मोह येतो. ऑर्डरमागे फी दिली तर एजन्सी आधी तुमच्या नावाचे सोपे शोधच गोळा करते. मधला मार्ग म्हणून काही जण खर्चाचे टप्पे ठरवतात: 2 ते 4 लाखांपर्यंत एकच फी, आणि पुढच्या टप्प्यावर जाताना वरच्यासारखा वाढीव हिशेब आधी मांडायचा, असं करारातच लिहून.