रात्रपाळीत ‘सकाळची गोळी’ नेमकी कधी घ्यायची?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे १-०-० लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी एक. दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्याला एवढं पुरतं. पण रात्री दहाला कामावर जाऊन पहाटे सहाला सुटणाऱ्या कामगाराची सकाळ कोणती? सातला घरी पोचल्यावरची, की दुपारी अडीचला उठल्यावरची? गोळ्यांचे बहुतेक घोळ इथेच होतात. सोमवारी तो घरी आल्यावर गोळी घेतो, मग झोपून उठतो, तोंड धुतो, चहा पितो. शरीराच्या लेखी ही नवी सकाळ असते, म्हणून सवयीने हात पुन्हा पाकिटाकडे जातो. आठ तासांत दोन गोळ्या पोटात जातात. याच्या उलटही होतं. घरी आल्यावर ‘उठल्यावर घेऊ’ म्हणतो आणि उठल्यावर ‘सकाळीच घेतली की’ असं वाटतं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचं उदाहरण घेऊ. पहिली पाळी ६ ते २, दुसरी २ ते १०, रात्रपाळी १० ते ६. रविवारी सुट्टी. त्याला तीन गोळ्या आहेत: रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅम आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम व मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची एकत्र गोळी. तिन्ही १-०-०. चिठ्ठीवर तिन्ही सारख्याच दिसतात, पण पहिली घड्याळाला बांधायला सोयीची, दुसरी रिकाम्या पोटाला बांधलेली आणि तिसरी जेवणाला. त्यामुळे तिघींची वेळ वेगवेगळी ठरवावी लागते.

आधी रक्तदाबाची. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० तास लागतात, म्हणून दोन-चार तासांचा उशीर त्यात मुरून जातो. ती सकाळीच घ्यायला हवी असंही नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या टाइम या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे होणारे मृत्यू यांत फरक दिसला नाही. मग अशी वेळ शोधायची, जेव्हा हा माणूस तिन्ही पाळ्यांत जागा असतो. पहिल्या पाळीत तो रात्री साडेनऊला झोपतो, दुसऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर आणि रात्रपाळीत सकाळी आठला. तिन्ही मांडून पाहिलं की रात्री ८ ही वेळ सापडते. पहिल्या पाळीत तो घरी असतो, दुसरीत कँटीनमध्ये जेवायला बसलेला असतो, रात्रपाळीत निघायच्या तयारीत असतो.

आठ वाजण्याचा आणखी एक फायदा आहे. ही वेळ मध्यरात्रीपासून लांब आहे, त्यामुळे गोळी कुठल्या तारखेची हा प्रश्नच उरत नाही. रात्री बारा-एकची वेळ ठरवली तर सोमवारची गोळी मंगळवारी पडते आणि वारांच्या डबीचा हिशोब बिघडतो. सकाळच्या वेळेवरून रात्री आठवर यायचं तर मधल्या काळात जास्तीची गोळी घ्यायची नाही. रविवारी सकाळी घेतली असेल तर पुढची सोमवारी रात्री आठला. मधलं अंतर ३६ तासांचं होतं आणि ॲम्लोडिपिनला ते झेपतं. रक्तदाबाच्या सगळ्याच गोळ्या इतक्या रेंगाळत नाहीत, तेव्हा आपल्या गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री आठची गोळी झोपमोड करील. तिथे वेगळी वेळ लागेल.

थायरॉइडच्या गोळीचं प्रमाण निम्म्यावर यायला जवळपास ७ दिवस जातात. तिला तासांशी फारसं देणंघेणं नाही, पोट मात्र रिकामं लागतं. चहा, दूध, नाश्ता यांच्यासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. म्हणून ती मोठ्या झोपेतून उठल्यावर पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबायचं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं. पहिल्या पाळीत ती पहाटे साडेचारला पडेल, दुसरीत आठला, रात्रपाळीत दुपारी अडीचला. अडचण तुकड्यातुकड्याच्या झोपेची असते. रात्रपाळीत बरेच जण सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन तास झोपतात, म्हणजे दिवसात दोनदा उठतात. त्यामुळे ‘उठल्यावर एक’ या नियमाला ‘एका तारखेला एकच’ हे कुंपण हवंच.

सगळ्यात जपायची ती मधुमेहाची गोळी. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी सातला घरी येऊन चिठ्ठीप्रमाणे ‘सकाळची’ गोळी घेतली, दोन बिस्किटं खाल्ली आणि झोपलं, तर दोन-तीन तासांत औषधाचा जोर शिखरावर येतो आणि माणूस गाढ झोपेत असतो. घाम, थरथर, धडधड ही धोक्याची घंटा त्याला ऐकूच येत नाही. घरच्यांना वाटतं, रात्रभर जागलाय, झोपू द्या. उठल्यावर अंथरूण घामाने ओलं, डोकं जड आणि वाईट स्वप्नं पडल्याची आठवण असेल, तर साखर झोपेत उतरली असावी अशी शंका घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावं.

म्हणून ही गोळी झोपून उठल्यानंतरच्या पहिल्या पोटभर जेवणाबरोबर घ्यायची. आपल्या कामगाराचं हे जेवण पहिल्या पाळीत कँटीनला ११ वाजता होतं, दुसरीत घरून निघण्याआधी साडेबाराला, रात्रपाळीत दुपारी साडेतीनला. म्हणजे पाळी कितीही फिरली तरी गोळीची वेळ साडेचार तासांच्या पट्ट्यातच राहते. रात्रपाळी संपते त्या रविवारी तो थोडंच झोपून दुपारी एकला जेवतो आणि गोळी घेतो. सोमवारी पुढची ११ वाजता. अंतर २२ तास. जेवण हुकलं तर गोळीही नाही. हे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून त्यांच्या संमतीनेच सुरू करावं, कारण रात्रपाळीत साखर वारंवार उतरत असेल तर ते औषधच बदलतील.

गोळी घेतली की नाही, हे डोक्यावर सोडू नये. गोळी काढल्याबरोबर पाकिटावरच्या तिच्या रिकाम्या कप्प्याशेजारी मार्करने तारीख आणि वेळ लिहायची. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री आठची गोळी डब्याच्या पिशवीतच ठेवायची. चुकलेली ॲम्लोडिपिन १२ तासांच्या आत आठवली तर घ्यावी, त्यानंतर सोडून द्यावी. घेतली की नाही याची खात्रीच नसेल, तर या तिन्हींपैकी कुठलीही पुन्हा घेऊ नये.

फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि इन्शुलिन यांना मात्र वेळ पुढेमागे करण्याची ही सवलत लागू नाही. फिट्ससाठीच्या लेव्हेटिरासेटामचं प्रमाण सात-आठ तासांतच निम्म्यावर येतं, त्यामुळे दिवसातून दोनदा असेल तर बारा तासांचं अंतर सांभाळावंच लागतं. सकाळी ८ आणि रात्री ८ या वेळा वरच्या तिन्ही पाळ्यांत बसतात. रात्रपाळीत सकाळची गोळी घेऊनच आडवं व्हायचं.

ग्लिमेपिराइड चुकून दोनदा गेलं तर लगेच जेवावं, झोपू नये, गाडी चालवू नये, घरात कुणाला तरी सांगून ठेवावं आणि डॉक्टरांना फोन करावा. दर तासाला साखर तपासावी. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. साखर वर आली तरी औषधाचा असर २४ तासांपर्यंत राहतो, ती पुन्हा उतरू शकते. म्हणून एकदा ७० च्या खाली गेल्यावर त्या रात्री कामावर न जाता दवाखान्यात जावं. माणूस बरळू लागला किंवा गुंगीत असला तर तोंडात काहीही न घालता थेट १०८ ला फोन करावा.