ढग आणि धुवारी (विदर्भातील)

ढग आणि धुवारी, म्हणजे धुके, या दोन्ही गोष्टी हवेत तरंगणाऱ्या पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांच्या बनतात. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो पांढुरका पुंजका थेंबांचा असतो आणि खूप उंचावरच्या ढगांत बर्फाच्या कणांचा. हवा थंड झाली की तिच्यातली काही वाफ थेंबरूप होते. मात्र हवा दोन वाटांनी थंड होते. वर चढताना थंड झाली तर ढग तयार होतो, आणि जमिनीलगत जागच्या जागी थंड झाली तर धुवारी. विदर्भात वर्षभरात या दोन्ही वाटा पाहायला मिळतात. पावसाळ्यात चिखलदऱ्याला तर ढग आणि धुके यांतला भेदच उरत नाही.

चढणारी हवा थंड का होते

उंचावर गेले की हवेचा दाब घटतो. पहिल्या काही किलोमीटरांत दर किलोमीटरला तो साधारण दहाव्या हिश्शाने कमी होतो. खालून वर आलेल्या हवेवर बाहेरचा दाब कमी पडल्याने ती पसरते. पसरताना भोवतालच्या हवेला ढकलावे लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते, म्हणून तिचे तापमान उतरते. वरची हवा थंड असते म्हणून चढणारी हवा थंड होते, ही समजूत बरोबर नाही. भोवतालच्या हवेत फारशी न मिसळताही ती थंड होते. ढग बनेपर्यंतचा हा दर जवळपास ठरलेला आहे: किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सियस.

दुसरी गोष्ट दवबिंदूची. हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातली वाफ थेंबरूप होऊ लागते, ते तिचे दवबिंदू तापमान. हे घरीही मोजता येते. स्टीलच्या चकचकीत पेल्यात साधे पाणी आणि थर्मामीटर ठेवावा आणि त्यात थोडे थोडे बर्फाचे पाणी घालत ढवळत राहावे. पेला बाहेरून अंधुक झाला की त्या क्षणी थर्मामीटरवर दिसणारा आकडा म्हणजे दवबिंदू, एखाद-दोन अंशांच्या फरकाने. पेल्याजवळ श्वास सोडू नये, नाहीतर आकडा जास्त येतो.

हवा चढताना तिचा दवबिंदूही उतरतो, पण हळू, किलोमीटरला दोन अंशांपेक्षा थोडा कमी. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर किलोमीटरमागे आठ अंशांनी मिटते. त्यावरून सोपा हिशेब निघतो. जमिनीवरचे तापमान उणे दवबिंदू, जितके अंश फरक तितके गुणिले 125 मीटर. तेवढ्या उंचीवर ढगाचा तळ असतो. दुपारचे कापशी ढग खालून एका सरळ रेषेत कापल्यासारखे दिसतात, कारण सगळ्यांनी हा उंबरठा एकाच उंचीवर ओलांडलेला असतो.

परतवाडा ते चिखलदरा

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन उत्तरेला गाविलगडच्या डोंगरापाशी एकदम संपते. पायथ्याचे अचलपूर–परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटरवर आहे आणि वरचे चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. जुलैत नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या दमट वाऱ्याला या कड्यावर चढावेच लागते.

समजा परतवाड्यात तापमान 29 अंश आणि दवबिंदू 24 अंश आहे. पावसाळ्यात अशी हवा नेहमीचीच. फरक पाच अंशांचा, म्हणून ढगाचा तळ 625 मीटर वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा खाली. तिथे पोचेपर्यंत हवा 23 अंशांच्या आसपास येते आणि दवबिंदूही तितकाच उरतो. धामणगाव गढी सोडून घाट चढू लागले की वळणावळणाने हवा गार होते, आणि गाव यायच्या थोडे आधीच रस्ता पांढऱ्यात शिरतो. परतवाड्याच्या माणसाला डोंगरमाथ्यावर आभाळ टेकलेले दिसते, चिखलदऱ्याच्या माणसाला दाट धुके. दोघे एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहत असतात.

तळाच्या वर चाल बदलते. वाफ थेंबरूप होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2,500 ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती हवेलाच मिळते. त्यामुळे ढगाच्या आत चढणारी हवा किलोमीटरला चार ते सहा अंशांनीच थंड होते. वादळी ढगांचे बळ यातूनच येते.

थेंब बनायला आधार लागतो. धूळ, धूर, समुद्राकडून आलेले मिठाचे कण अशा बारीक कणांवर वाफ बसते. ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि सेकंदाला एखाद सेंटिमीटर इतक्या संथपणे खाली सरकतो. हवेच्या हलक्याशा चढावानेही तो तोलला जातो. पावसाचा एक नीट थेंब बनायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. आभाळ दिवसभर भरून राहते आणि पाऊस मात्र पडत नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

मे महिन्याचे आभाळ

आता हाच हिशेब मेमधल्या दुपारचा करू. तापमान 42 अंश, दवबिंदू 14. फरक 28 अंशांचा, म्हणून ढगाचा तळ साडेतीन किलोमीटर उंच. या दिवसांत ढग इतके वर आणि इतके विरळ का दिसतात, ते या आकड्यात आहे. अशा ढगातून पाऊस निघाला तरी त्याला साडेतीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली यायचे असते. ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते, पण ती जमिनीपर्यंत येत नाही. वाटेत थेंब सुकतात, सुकताना हवेतली उष्णता घेतात, आणि ती गार, जड झालेली हवा वेगाने खाली आदळून चहूकडे पसरते. म्हणून आधी धुळीचे वादळ येते, टिनपत्रे उडतात, आणि मागून चार टपोरे थेंब पडून खेळ संपतो.

घरातला डेझर्ट कूलर या फरकाची खूण रोज देतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून पाणी जितक्या जोमाने सुकेल तितकी हवा गार होते, आणि ते सुकणे हवेच्या कोरडेपणावर ठरते. कूलर झकास चालतो त्या दिवसांत ढगाचा तळ खूप उंच असतो. जूनच्या मध्यावर कूलर नुसता चिकचिक करू लागला, की तापमान आणि दवबिंदू जवळ आले आणि तळ खाली उतरला असे समजावे.

प्रकार कसे ओळखावेत

1803 साली ल्यूक हॉवर्ड या इंग्रज निरीक्षकाने प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणावरच आजची दहा मुख्य प्रकारांची आंतरराष्ट्रीय पद्धत उभी आहे. दहाही नावे पाठ करण्यापेक्षा हवा कशी चढली ते पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तापलेल्या वावरावरून हवेचे लोट सुटे सुटे उठले तर राशिमेघ होतात, म्हणजे क्युम्युलस, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून जाताना हवा शेकडो किलोमीटरवर एकसारखी, सावकाश वर उचलली जाते आणि सलग चादर पसरते. ते स्तरमेघ, आणि झडीचा पाऊस बहुधा त्यांच्या जाड थरांतून पडतो. अगदी उंचावरचे पिंजलेल्या तंतूंसारखे ढग म्हणजे तंतुमेघ. ते बर्फकणांचे असतात आणि त्यांचा पाऊस जमिनीवर येत नाही.

राशिमेघ थांबला नाही तर गर्जन्मेघ होतो, म्हणजे क्युम्युलोनिंबस. ढगातली हवा सोडलेल्या उष्णतेमुळे भोवतालापेक्षा गरम राहते तोपर्यंत ती चढत राहते, आणि शेंडा 12 ते 15 किलोमीटरपर्यंत जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरतो. शेंड्याच्या कडा कोबीच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत असतील तर तिथे अजून पाण्याचे थेंब आहेत. त्या पुसट, तंतुमय झाल्या की वर बर्फ बनला असे ओळखावे. विजेचा आणि गारांचा धोका तेव्हापासून धरावा आणि वावरातून, झाडाखालून पक्क्या छपराखाली जावे.

शून्य अंशाखालीही ढगातले पुष्कळ थेंब द्रवच राहतात. बर्फाच्या कणाला लागताच ते गोठतात आणि गार मोठी होत जाते. दोन सेंटिमीटर व्यासाची गार तोलायला सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाचा चढता झोत लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून वर थंड कोरडी हवा येते आणि खालून उपसागराची दमट हवा. तेव्हा असे झोत तयार होतात आणि गोठणपातळीही पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे गार वितळण्याआधी जमिनीवर पोचते. नेमका तेव्हाच गहू-हरभरा वावरात उभा असतो, संत्र्याचा मृग बहार तोडणीला असतो आणि आंबिया बहार नुकता फळधारणेत असतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रभर याच हंगामात झाली.

धुवारी: न चढता थंड होणारी हवा

हिवाळ्यातल्या धुवारीत हवा वर जात नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला लागून असलेली हवा खालून थंड होते. उंची येथे लागत नाही, वेळ लागतो. संध्याकाळी तापमान 25 अंश आणि दवबिंदू 12 असेल तर पहाटे 12 पर्यंत उतरेलच असे नाही. पण दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस होऊन जमीन ओली राहिली आणि दवबिंदू 16 वर गेला, तर मध्यरात्रीनंतरच उंबरठा येतो. म्हणून पावसाच्या दिवशी नव्हे, तर आभाळ उघडल्यानंतरच्या रात्री धुवारीची धास्ती असते. वैनगंगेचा काठ, भंडारा-गोंदियाकडचे तलाव, रात्री ओलवलेले हरभऱ्याचे वावर आणि प्रत्येक सखल जागा आधी भरते, कारण थंड हवा उतारावरून तिकडे जमा होते.

वाऱ्याचे गणित नाजूक आहे. वारा अगदीच नसेल तर ओल पानांवर दव होऊन बसते आणि हवा स्वच्छ राहते. जास्त वाहिला तर वरची कोरडी हवा खाली मिसळते. पान जेमतेम हलेल इतकाच वारा धुवारीला मानवतो. आभाळ झाकलेले असेल तर ढग जमिनीची उष्णता परत पाठवतात आणि धुवारी सहसा पडत नाही. एक किलोमीटरच्या आतलेच दिसू लागले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते, त्याहून विरळ ते धूसर.

तुरीच्या वावराला धुवारीची खास भीती असते. फुले-शेंगांवर तासन्‌तास पाणी राहिले की बुरशीला वाव मिळतो, आणि फुलगळीचा संबंधही शेतकरी धुवारीशीच लावतात. पाने ओली असताना फवारणी करू नये. औषध पातळ होते आणि ओघळून जाते.

सूर्य वर आला की धुवारी खालून सुटते. उन्हाने तापलेली जमीन आधी तळची हवा गरम करते, थर जमिनीपासून उचलला जातो आणि काही वेळ खालच्या स्तरमेघाच्या रूपात डोक्यावर तरंगतो. नऊ-दहाच्या सुमारास तो विरतो. 125 मीटरचा हिशेब अशा सकाळी लावू नये. तो दुपारच्या, खालपासून वरपर्यंत ढवळलेल्या हवेसाठी आहे. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, ती चढतच नाही, आणि मध्यम उंचीवर आधीच पसरलेल्या ढगांची हवा तर आपल्या वावरातून निघालेलीच नसते.