कोल्हापुरातला स्कॅन आणि मुंबईतला साठा

अॅमेझॉनने 2006 मध्ये एस-3 ही साठवण सेवा सुरू केली. तिच्याशी एचटीटीपीवरून बोलावे लागे, तर रुग्णालयातील स्कॅनरला किंवा कारखान्यातील यंत्राला फक्त डिस्क किंवा सामायिक फोल्डर कळत असे. ही दुभाषाची उणीव भरून काढण्यासाठी 2012 मध्ये स्टोरेज गेटवे आला. तो स्थानिक सर्व्हरवर चालतो, आतल्या यंत्रांना साध्या डिस्कसारखा दिसतो, लिहिलेले आधी आपल्याकडे ठेवतो आणि मागाहून क्लाउडमध्ये पाठवतो. सामायिक फोल्डरसारखे वागणारा फाइल गेटवे 2016 मध्ये आला.

क्लाउडमधून उघडताना होणाऱ्या विलंबाचा दोष आपण अनेकदा अंतराला देतो. कोल्हापूर ते क्लाउडमधला साठा जिथे असतो ती मुंबई हे सुमारे पावणेचारशे किलोमीटरचे अंतर फायबरमधून जाऊन येण्यास प्रकाशाला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. खरी अडचण लाइनच्या रुंदीची असते. सोळाशे प्रतिमांचा सीटी स्कॅन, प्रत्येक प्रतिमा अर्धा एमबी धरल्यास, 800 एमबीचा होतो. तो 50 एमबीपीएसच्या लाइनवरून उघडण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तर रुग्णालयातल्याच एक जीबीपीएसच्या जाळ्यावर साडेसहा सेकंद पुरतात. डोक्याला मार लागलेला रुग्ण टेबलावर असताना हा फरक फार मोठा आहे.

मात्र गेटवेची कॅश, म्हणजे त्याने आपल्याकडे ठेवलेला भाग, हा संपूर्ण साठा नव्हे. समजा, कॅश 150 जीबी आहे आणि रोज असे वीस स्कॅन होतात. महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटून तीन दिवस लाइन बंद राहिली, तर 48 जीबी न पाठवलेला डेटा साचतो आणि कॅशचा किती टक्के भाग अजून पाठवायचा आहे हे सांगणारा `CachePercentDirty` हा आकडा 32 च्या आसपास जातो. नवे स्कॅन सुरळीत लिहिले जातात. पण तुलनेसाठी मागवलेला गतवर्षीचा स्कॅन कॅशमध्ये नसेल तर तो उघडतच नाही. लाइन पूर्ववत झाल्यावरही हा आकडा उतरत नसेल, तर लाइन रोजच्या कामालाच अपुरी आहे असे समजावे.

गेटवेने साठवण जवळ आणली, गणनशक्ती मात्र दूरच राहिली. शिरोलीच्या फाउंड्रीत कॅमेऱ्याने ओतीव भागावरील तडा ओळखून तो पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधी बाजूला काढायचा असेल, तर निर्णय शेडमध्येच व्हायला हवा. या गरजेसाठी अॅमेझॉनने 2018 मध्ये आउटपोस्ट्स, म्हणजे ग्राहकाच्याच जागेत बसवायच्या क्लाउड सर्व्हरच्या रॅक, जाहीर केले आणि 2019 च्या डिसेंबरात ते ग्राहकांना खुले केले. यातली रॅक पुरवठादाराच्या मालकीची असते व दुरुस्तीही तोच करतो. वीज, थंडावा आणि जागा ग्राहकाची. उद्योजकांनी करारापूर्वी एक मर्यादा नीट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते: ही रॅक क्लाउडपासून कायमची तोडून चालवण्यासाठी बनवलेली नाही. लाइन गेल्यावर चालू असलेले सर्व्हर स्थानिक जाळ्यावर काम करत राहतात, परंतु नवा सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा मुंबईशी जोडणी परत येईपर्यंत पार पडत नाही.