बारा टेस्टर, चौदा दिवस: क्लोज्ड बीटाच्या अटीची पार्श्वभूमी

गुगल प्लेवर नवे वैयक्तिक खाते उघडून पहिलाच गेम टाकणाऱ्याला तो थेट सगळ्यांसाठी खुला करता येत नाही. आधी क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत (हाच क्लोज्ड बीटा), किमान १२ जणांनी सहभागी व्हायचे, सलग १४ दिवस सहभागी राहायचे आणि त्यानंतर डेव्हलपरने प्रसिद्धीच्या परवानगीसाठी अर्ज करायचा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना हा नियम लागू आहे; संस्थेच्या नावावर असलेल्या खात्यांना नाही. सुरुवातीला हा आकडा २० होता. एकट्याने गेम बनवणाऱ्यांनी बरीच ओरड केली आणि डिसेंबर २०२४मध्ये तो १२वर आला.

मोजक्या लोकांकडून गेम खेळवून घेण्याची पद्धत मात्र या नियमाच्या कितीतरी आधीची. आयफोनच्या सुरुवातीच्या काळात टेस्टर मोजके असत, कारण जास्त घेताच येत नसत. २००८मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले तेव्हा स्टोअरबाहेर बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी आवृत्ती, वाटण्याचा जो अधिकृत मार्ग डेव्हलपरकडे होता, त्यात वर्षाला १०० उपकरणांची मर्यादा होती. शिवाय प्रत्येक उपकरण आधी नोंदवावे लागे. टेस्टरने फोन संगणकाला जोडायचा, आयट्यून्स उघडायचे, सिरियल नंबरवर क्लिक करायचे. मग त्या जागी यूडीआयडी, म्हणजे त्या उपकरणाचा चाळीस अक्षरी ओळख क्रमांक, दिसे. तो कॉपी करून मेलने पाठवायचा. डेव्हलपर तो आपल्या प्रोफाइलमध्ये घालून बिल्डवर नव्याने डिजिटल सही करणार आणि परत पाठवणार. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की गेम इन्स्टॉलच होत नसे, आणि टेस्टरला दिसणाऱ्या संदेशावरून त्याला काही अर्थबोध होत नसे. यादीतून काढलेले उपकरणही त्या वर्षाच्या शंभरात धरलेलेच राही. त्यामुळे ‘कोणाला घ्यायचे’ हा प्रश्न तेव्हा खरोखरच जपून सोडवावा लागे.

ही कटकट कमी केली टेस्टफ्लाइट नावाच्या सेवेने. २०१०च्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हा ॲपलशी तिचा संबंध नव्हता. टेस्टरने फोनवर एक दुवा उघडला की यूडीआयडी आपोआप डेव्हलपरकडे जाई आणि बिल्ड हवेतून उतरे. शंभराची मर्यादा तशीच राहिली, फक्त तारा आणि मेल सुटले. २०१४च्या सुरुवातीला ॲपलने टेस्टफ्लाइटची मूळ कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षी ही सेवा आपल्या व्यवस्थेत आणली. आता टेस्टर उपकरणावरून नव्हे, तर मेल पत्त्यावरून ओळखला जाऊ लागला. बाहेरच्या टेस्टरांची मर्यादा १,००० झाली आणि २०१७मध्ये १०,०००.

अँड्रॉइडवर अडचण उलटी होती. तिथे एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करण्याची फाइल, कोणालाही पाठवता येई, पण एकदा पाठवली की ती कोणाकडे गेली, कुठली आवृत्ती चालू आहे, याचा पत्ता लागत नसे. २०१३मध्ये गुगलने प्ले स्टोअरमध्येच अल्फा आणि बीटा टेस्टिंगची सोय दिली. टेस्टर गोळा करायचे ते गुगल ग्रुपमध्ये किंवा गुगल प्लसच्या कम्युनिटीत. (गुगल प्लस २०१९मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले, आज ग्रुप किंवा साधी मेल यादी वापरतात.) याचा एक फायदा गेम बनवणाऱ्यांना विशेष झाला: टेस्टरचा अभिप्राय फक्त डेव्हलपरला दिसू लागला. अर्धवट गेमला मिळालेला एक तारा रेटिंगला कायमचा चिकटण्याचा धोका टळला.

एपीके वाटण्याच्या काळाचा एक अवशेष मात्र अजून त्रास देतो. आधी मित्रांना थेट फाइल दिली आणि नंतर त्यांनाच प्लेच्या टेस्टमध्ये घेतले, तर दोन्ही बिल्डची डिजिटल सही बहुधा वेगळी असते. अपडेट बसत नाही, जुना गेम काढून टाकावा लागतो आणि प्रगती फोनवरच साठवलेली असेल तर तीही जाते. चाळिसाव्या पातळीवर पोचलेला टेस्टर पुन्हा पहिलीपासून खेळायला बसेल, ही अपेक्षा करू नये.

थोडक्यात, २०२३पर्यंत क्लोज्ड बीटा ही सोय होती. हवी तर वापरा. त्यानंतर नव्या वैयक्तिक खात्यांसाठी ती चाळणी झाली. स्टोअरवर येणारे निकृष्ट आणि फसवे ॲप रोखायचे, हा गुगलचा उद्देश समजण्यासारखा आहे. पण चाळणी मोजते काय, ते पाहायला हवे.

समजा, एका कोड्यांच्या गेमसाठी १५ मेल पत्ते यादीत घातले. नुसते यादीत असून भागत नाही. प्रत्येकाने `https://play.google.com/apps/testing/` ने सुरू होणारा, शेवटी गेमचे पॅकेज नाव असलेला दुवा उघडून टेस्टर होण्यास होकार द्यावा लागतो. यातले तिघे इथेच अडकतात: यादीत एक जीमेल, फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये दुसरेच. त्यांना गेम सापडतच नाही, आणि संकोचाने ते सांगतही नाहीत. उरले बारा, सगळे १ तारखेपासून. ९ तारखेला एकाने त्याच पानावर जाऊन टेस्टमधून नाव काढले. राहिले अकरा. १० तारखेला नवा माणूस आला तरी त्याचे चौदा दिवस १०पासून सुरू होतात, म्हणजे १५ तारखेला होणारा अर्ज २४वर जातो. म्हणूनच जाणकार डेव्हलपर बारावर न थांबता सतरा-अठरा जण आत घेतात.

बारा जणांचा उपयोग काय, याबद्दलही गैरसमज फार. पाच जण दुसऱ्या दिवशी परत आले म्हणजे ४२ टक्के परतले, असे कागदावर छान दिसते. पण एकच माणूस इकडचा तिकडे झाला की आकडा आठ टक्क्यांनी हलतो. गेम लोकांना धरून ठेवतो का, हे या गटावरून कळत नाही. त्यासाठी मोठे स्टुडिओ एखाद-दोन देशांतच गेम आधी सोडतात, ज्याला सॉफ्ट लाँच म्हणतात. क्लोज्ड बीटात कळते ते वेगळे: कमी रॅमच्या फोनवर फोन आला आणि खेळाडू परतला की गेम नव्याने सुरू होतो का, कुठल्या पातळीवर सगळेच अडतात, खरेदीचे बटण चालते का. खरेदीबाबत एक खबरदारी: टेस्टफ्लाइटमध्ये ॲपमधल्या खरेदीचे पैसे कापले जात नाहीत, पण प्लेच्या क्लोज्ड टेस्टमध्ये ज्यांना प्ले कन्सोलमध्ये लायसन्स टेस्टर म्हणून वेगळे नोंदवलेले नाही, त्यांचे खरे पैसे कापले जातात.

नियमाची पळवाटही लगेच निघाली. ‘तू माझा गेम घे, मी तुझा घेतो’ असे अदलाबदलीचे गट तयार झाले, काही जण तर बारा टेस्टर विकतच देऊ लागले. असे टेस्टर होकार देतात, गेम एकदा उघडतात आणि विसरतात. चौदा दिवस भरतात, पण अर्ज परत येतो: टेस्टरांनी गेम पुरेसा वापरला नाही, टेस्ट चालू ठेवा. म्हणजे आणखी पंधरवडा. शिवाय अर्जात टेस्टर कसे जमवले, त्यांनी काय सांगितले आणि त्यावरून गेममध्ये काय बदलले, हे विचारले जाते. ज्याने त्या दोन आठवड्यांत दोन-तीन सुधारित बिल्ड टाकलेत आणि टेस्टरांच्या तक्रारी तारखेनिशी लिहून ठेवल्यात, त्याला हे रकाने भरायला अर्धा तासही लागत नाही.